बचत खात्याचे व्याज कोणासाठी उतरले?

रिझर्व्ह बँकेने २०२५ सालच्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत आपला रेपो दर तीन वेळा खाली आणला. फेब्रुवारीत पाव टक्का, एप्रिलमध्ये पाव टक्का आणि ६ जून रोजी एकदम अर्धा टक्का. साडेसहावरून तो साडेपाचावर आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सव्वापाचावर. घरासाठी कर्ज काढलेल्या मध्यमवर्गीयाने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो योग्यही होता. वीस वर्षांच्या मुदतीच्या पन्नास लाखांच्या कर्जावर साडेआठाऐवजी साडेसात टक्के व्याज पडले तर महिन्याच्या हप्त्यात सुमारे तीन हजार शंभर रुपयांचा फरक पडतो. वृत्तपत्रांनी या बातमीला मोठे मथळे दिले. आम्हीही दिले.

त्याच जून महिन्यात दुसरी एक घटना घडली. तिला मात्र आतल्या पानावर चार ओळींची जागा मिळाली. स्टेट बँकेने १५ जूनपासून बचत खात्यावरील व्याजाचा दर अडीच टक्क्यांवर आणला. एचडीएफसी बँक व आयसीआयसीआय बँक याही त्याच महिन्यात त्याच आकड्यावर येऊन थांबल्या. देशातील तीन सर्वांत मोठ्या बँकांनी ठेवीदाराच्या पैशाला एकच भाव ठरवावा, हा काही कटाचा पुरावा नव्हे. बाजारात असे घडते. परंतु त्या दोन बातम्या वस्तुतः एकाच बातमीच्या दोन बाजू होत्या. कर्जदाराच्या हप्त्यातून जे उतरले, त्याचा काही भाग बचत खातेदाराच्या व्याजातून भरून काढण्यात आला. तो कसा आणि का, हे समजून घ्यावयाचे तर बँकेच्या मिळकतीचे मूळ गणित एकदा उलगडून पाहिले पाहिजे.

हे गणित जुन्या सावकारी पेढीहून मुळात निराळे नाही. पेढीवाला एकाकडून पैसा ठेव म्हणून घेई आणि दुसऱ्यास व्याजाने देई. देण्याघेण्याच्या व्याजातील तफावत हीच त्याची मिळकत. आजची बँक तेच करते. मिळालेल्या एकंदर व्याजातून दिलेले एकंदर व्याज वजा केले आणि उरलेल्या रकमेस व्याज कमावणाऱ्या एकंदर मालमत्तेने भागले, म्हणजे जी टक्केवारी येते तिला बँकवाले ‘नेट इंटरेस्ट मार्जिन’ म्हणतात. आम्ही तिला नक्त व्याजलाभ म्हणू. दर तिमाहीस बँकांचे आकडे प्रसिद्ध होतात तेव्हा शेअर बाजारातील मंडळी नफ्याच्या आधी या आकड्याकडे पाहतात. ठेवीदार मात्र तो पाहत नाहीत. वास्तविक तो आकडा त्यांच्याच पैशाने घडलेला असतो.

उदाहरणासाठी एक काल्पनिक बँक घेऊ. तिचे आकडे सोयीचे असले तरी अवास्तव नाहीत. तिच्यापाशी शंभर कोटींच्या ठेवी आहेत. त्यांपैकी दहा कोटी व्यापाऱ्यांच्या चालू खात्यांत आहेत. त्यांवर ती काहीच व्याज देत नाही. तीस कोटी बचत खात्यांत आहेत, त्यांवर ती तीन टक्के देते. उरलेल्या साठ कोटींच्या मुदत ठेवींवर सात टक्के. म्हणजे वर्षाकाठी बचत खातेदारांस नव्वद लाख आणि मुदत ठेवीदारांस चार कोटी वीस लाख. एकूण देणे पाच कोटी दहा लाख.

आता घेणे पाहू. शंभरांतील चार कोटी तिला रिझर्व्ह बँकेपाशी रोख राखीव म्हणून ठेवावे लागतात. त्यांवर एक पैसाही व्याज मिळत नाही. वीस कोटी सरकारी रोख्यांत आहेत. बँकेने पैशाचा ठरावीक वाटा अशा रोख्यांत ठेवलाच पाहिजे असा दंडक आहे. त्यांवर सात टक्के धरले तर एक कोटी चाळीस लाख येतात. राहिलेले शहात्तर कोटी कर्जाऊ दिलेले आहेत आणि त्यांवर सरासरी नऊ टक्के मिळतात, म्हणजे सहा कोटी चौऱ्याऐंशी लाख. एकूण येणे आठ कोटी चोवीस लाख. त्यातून देणे वजा जाता तीन कोटी चौदा लाख उरतात. व्याज कमावणारे शहाण्णव कोटी धरले तर हा नक्त व्याजलाभ सव्वातीन टक्क्यांहून किंचित अधिक भरतो. भारतातील बऱ्याच मोठ्या बँकांचा आकडा याच पट्ट्यात हिंडत असतो.

हा सर्व बँकेचा नफा नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. शाखांचे भाडे, नोकरांचे पगार, संगणकयंत्रणा, एटीएम यंत्रांतील नोटा हा सर्व खर्च याच तीन कोटी चौदा लाखांतून व अन्य किरकोळ शुल्कांतून भागवायचा असतो. बुडणाऱ्या कर्जांची तरतूदही त्यातूनच. उरेल तो नफा, आणि त्यावर कर. म्हणून नक्त व्याजलाभ अर्ध्या टक्क्याने घसरला तर बँकेचा नफा अर्ध्या टक्क्याने नव्हे, कित्येकदा एक तृतीयांशाने घसरू शकतो. हा आकडा सांभाळण्यासाठी बँकेचे चालक जिवाचे रान करतात ते उगाच नव्हे.

आता वरील हिशेबातील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सात टक्क्यांच्या मुदत ठेवीतील रुपया घेऊन तो नऊ टक्क्यांनी कर्जाऊ दिला तर बँकेस दोन टक्के सुटतात. त्यातून खर्च व बुडीत वजा जाता फारसे हाती लागत नाही. तीन टक्क्यांच्या बचत खात्यातील रुपया नऊ टक्क्यांनी दिला तर सहा टक्के सुटतात. त्या मानाने बचत खाती सांभाळण्याचा खर्चही अधिक आहे, हे कबूल. पासबुक, धनादेश, कार्ड, दिवसाकाठी दहा वेळा होणारे मोबाइलवरचे व्यवहार, हे सर्व त्या खात्यांसाठीच असते. तरीही बँकेच्या नफ्याचा गाभा बचत आणि चालू खात्यांतच असतो. मुदत ठेवीदार दराची चौकशी करतो, चार बँका हिंडतो, पाव टक्क्यासाठी पैसे हलवतो. बचत खातेदार हलत नाही. त्याचा पगार किंवा निवृत्तिवेतन तेथे येते, विजेचे बिल तेथून जाते, विम्याचा हप्ता तेथून कापला जातो. त्याच्या न हलण्याचीच किंमत बँक कमावते.

याचा प्रत्यक्ष पडताळा आपल्याच मुंबईत १ जुलै २०२३ रोजी मिळाला. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली स्थापन केलेली एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी त्या दिवशी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. कंपनीची कर्जे उत्तम होती आणि फेडणारे लोक प्रामाणिक होते. परंतु ती बँक नसल्याने तिच्यापाशी बचत खाती नव्हती. तिचा पैसा रोख्यांतून, मुदत ठेवींतून आणि उसनवारीतून आलेला, म्हणून महागडा होता. विलीनीकरणापूर्वी बँकेचा नक्त व्याजलाभ एकूण मालमत्तेवर चार टक्क्यांच्या वर होता. विलीनीकरणानंतरच्या पहिल्याच तिमाहीत तो साडेतीन टक्क्यांच्या खाली उतरला. कर्जाची प्रत बिघडली नव्हती, अर्थव्यवस्थेत काही उत्पात झाला नव्हता. फक्त स्वस्त ठेवींचे एकूण पैशातील प्रमाण कमी झाले. पुढे दोनतीन वर्षे ती बँक नव्या शाखांतून ठेवी गोळा करण्यात गुंतली, त्याचे हेच कारण.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रेपो दर उतरला की आमच्या त्या शंभर कोटींच्या बँकेचे काय होते?

येथे १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस महत्त्वाचा आहे. त्यापूर्वी बँका आपल्या कर्जाचा दर आपल्याच अंतर्गत हिशेबावरून ठरवीत आणि रिझर्व्ह बँकेने दर कमी केले तरी त्याचा लाभ कर्जदारापर्यंत पोहोचविण्यात वेळकाढूपणा करीत. दर वाढले की मात्र वाढ त्वरित पोहोचे. हा अनुभव वर्षानुवर्षे आल्यावर रिझर्व्ह बँकेने सक्ती केली की घरासाठी व अन्य वैयक्तिक कारणांसाठी तसेच लहान उद्योगांस बदलत्या दराने द्यावयाची नवी कर्जे बाहेरच्या एखाद्या मानदंडाशी जोडावी. बहुतेक बँकांनी रेपो दर निवडला. तेव्हापासून रेपो उतरला की ही कर्जे आपोआप, निदान तीन महिन्यांच्या आत, तेवढीच उतरतात. बँकेची इच्छा असो वा नसो.

आमच्या बँकेच्या शहात्तर कोटींपैकी निम्मी, म्हणजे अडतीस कोटींची कर्जे अशी रेपोशी जोडलेली आहेत असे धरू. रेपो एक टक्क्याने उतरताच त्यांवरील व्याज वर्षाच्या मापाने अडतीस लाखांनी घटले. दुसऱ्या बाजूस मुदत ठेवी मात्र करारबद्ध असतात. ज्याने मागल्या वर्षी सात टक्क्यांनी तीन वर्षांसाठी पैसे ठेवले त्यास सात टक्के दिलेच पाहिजेत. त्या तिमाहीत मुदत संपून नव्याने सहा टक्क्यांनी ठेवल्या गेलेल्या ठेवी साठांपैकी दहा कोटींच्या असतील, तर बचत होते ती दहाच लाखांची. तीन कोटी चौदा लाखांवरून बँकेची व्याजमिळकत दोन कोटी शहाऐंशी लाखांवर आली. अठ्ठावीस लाखांचे खिंडार पडले. कर्जे लगेच उतरली आणि ठेवी सावकाश उतरणार. या कालावधीतच बँका अडचणीत येतात.

हे खिंडार बुजविण्यास बँकेच्या हाती तत्काळ वापरता येईल असे साधन एकच होते, आणि ते म्हणजे बचत खात्याचा दर. त्यास करार नाही, मुदत नाही, आधी संमती घेण्याची गरज नाही. संकेतस्थळावर एक सूचना लावली की झाले. आमच्या बँकेने तो तिनावरून अडीच टक्क्यांवर आणला. तीस कोटींवर अर्धा टक्का म्हणजे पंधरा लाख. अठ्ठावीसांच्या खिंडारातील निम्म्याहून अधिक भाग बचत खातेदारांनी एका दिवसात भरून दिला, आणि त्यांतील बहुतेकांना ते कळलेही नाही. मोठ्या खासगी बँकांनी हा अर्धा टक्का एप्रिल व जून अशा दोन टप्प्यांत कापला. स्टेट बँकेचा दर आधीच २.७० टक्के असल्याने तिला वीस शतांशच उतरावे लागले.

रिझर्व्ह बँकेसही ही अडचण दिसत होती. म्हणूनच ६ जूनला तिने अर्धा टक्का दर कापताना रोख राखीवाचे प्रमाणही चार टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले, आणि ते सप्टेंबर ते नोव्हेंबर असे चार टप्प्यांत अमलात आले. आमच्या बँकेचा निष्क्रिय पडून राहिलेला एक कोटी त्यामुळे मोकळा झाला. तो आठ टक्क्यांनी कर्जाऊ दिला तर आठ लाख अधिक येतात. आता मिळकत तीन कोटी नऊ लाख झाली. चौदांच्या जवळ.

पुढील वर्षभरात काय घडेल? उरलेल्या पन्नास कोटींच्या मुदत ठेवी क्रमाक्रमाने नव्या दरावर येतील. एक टक्का धरला तर पन्नास लाख वाचतील. रेपोशी न जोडलेली अडतीस कोटींची कर्जेही हळूहळू तेवढीच उतरतील. अडतीस लाख जातील. सरकारी रोख्यांतून सुटणारा पैसा कमी दराने गुंतवावा लागेल, त्यापायी पाचसात लाख वजा करू. हिशेब पुन्हा तीन कोटी चौदा-पंधरा लाखांवर येऊन ठेपतो. बँक जेथे होती तेथे परतली. कर्जदाराचे व्याज उतरले, मुदत ठेवीदाराचेही उतरले, आणि बचत खातेदाराचे पंधरा लाख मात्र या परतीच्या हिशेबात कायमचे सामावून गेले. ते कापले नसते तर बँक तीन कोटींवर स्थिरावली असती. आणि तीन कोटींवर ती बुडाली नसती.

अर्थात हे कागदावरील गणित आहे. प्रत्यक्षात ठेवींसाठी स्पर्धा असते, मुदत ठेवींचे दर पूर्ण एक टक्का उतरतातच असे नाही. लोक बचतीचा पैसा म्युच्युअल फंडांत व शेअर बाजारात नेऊ लागल्याची तक्रार बँका २०२४ पासून उघडपणे करीत आहेत. २०२५ च्या त्या तिमाहीत बँकांचे नक्त व्याजलाभ खरोखरच आकसले. स्टेट बँकेचा देशांतर्गत आकडा तीन टक्क्यांच्या आसपास आला, जो २०२२-२३ साली साडेतीनच्या वर होता. बँकांची अडचण खोटी होती असे आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. व्याजदर चढत होते तेव्हा काय झाले?

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर चारांवरून साडेसहावर गेला, अडीच टक्क्यांनी. रेपोशी जोडलेल्या कर्जदारांचे हप्ते तेवढ्याच वेगाने चढले. कित्येकांच्या कर्जाची मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेली. मुदत ठेवींचे दरही मागाहून का होईना, वाढले. बचत खात्याचा दर मात्र मोठ्या बँकांत जागचा हलला नाही. स्टेट बँकेत तो पावणेतीनच्या खालीवर घुटमळत राहिला. दहा कोटींहून अधिक शिल्लक बाळगणाऱ्यांस तेवढे ऑक्टोबर २०२२ पासून तीन टक्के मिळू लागले. दहा कोटी बचत खात्यात ठेवणारा गृहस्थ आमच्या वाचकवर्गात क्वचितच असेल. ज्या वर्षी कर्जदार सर्वाधिक दाबला गेला आणि बचत खातेदाराला काही मिळाले नाही, त्याच २०२२-२३ या वर्षी स्टेट बँकेचा नफा प्रथमच पन्नास हजार कोटींच्या पलीकडे गेला. दोहोंचा संबंध जोडण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

जुन्या वाचकांस आठवत असेल, बचत खात्याचा दर पूर्वी रिझर्व्ह बँकच ठरवून देत असे. २००३ पासून २०११ पर्यंत तो साडेतीन टक्के होता. त्यातही २०१० सालच्या एप्रिलपर्यंत महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवरच व्याज मिळे. पगार झाल्यावर दहा तारखेच्या आत पैसे भरण्यासाठी काउंटरवर रांगा लागत त्या त्यामुळेच. नंतर रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झाले, मे २०११ मध्ये दर चार टक्के झाला आणि २५ ऑक्टोबर २०११ रोजी तो पूर्णपणे मोकळा करण्यात आला. स्पर्धेमुळे ठेवीदाराचे कल्याण होईल असे तेव्हा सांगण्यात आले. काही नव्या खासगी बँकांनी त्याप्रमाणे सहा टक्क्यांपर्यंत दर देऊही केले. पण मोठ्या बँका सहा वर्षे चारांवर बसून राहिल्या, आणि २०१७ च्या जुलैअखेरीस स्टेट बँकेने साडेतीन केले तेव्हा बाकीच्या मागोमाग उतरल्या. साडेतीन, सव्वातीन, तीन, पावणेतीन, अडीच असा तो उतार आहे. या काळात रेपो दर खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. बचत खात्यास मात्र खाली जाण्याचाच रस्ता ठाऊक झाला. टपाल खात्याचे बचत खाते त्याच २०११ सालापासून चार टक्क्यांवर आहे, हे येथे नोंदवून ठेवतो. अर्थात तेथील पैसा सरकारच वापरते आणि त्यास बँकेसारखा लाभहानीचा हिशेब द्यावा लागत नाही.

यावर बँकांचे उत्तर असे असते की बचत खाते हे गुंतवणुकीचे साधनच नव्हे, ते सोयीचे खाते आहे. व्याज हवे असेल त्याने मुदत ठेव करावी. उत्तर अगदीच निराधार नाही. परंतु सोयीच्या नावाखाली घेतलेला पैसा बँक सोयीसाठी वापरीत नाही, ती तो नऊ टक्क्यांनी कर्जाऊ देते. स्टेट बँकेच्या देशांतर्गत ठेवींत चालू व बचत खात्यांचा वाटा मार्च २०२५ मध्ये सुमारे चाळीस टक्के होता. चाळीस टक्के पैसा हा खातेदाराच्या खिशातील सुटे पैसे नव्हेत.

दुसरे उत्तर अधिक विचार करण्याजोगे आहे. रेपोशी कर्ज जोडले तसे बचत खातेही जोडा असे म्हणणे सोपे. पण रेपो चार टक्क्यांवर गेला तर खातेदार काय म्हणेल? हा प्रयोग झालेला आहे. मे २०१९ पासून स्टेट बँकेने एक लाखावरील बचत शिल्लकेचा दर रेपोशी जोडला. रेपोहून पावणेतीन टक्के कमी असे सूत्र होते. वर्षभराच्या आतच ती व्यवस्था सोडून देऊन मार्च २०२० मध्ये सरसकट तीन टक्के दर लावण्यात आला. ते सूत्र चालू राहते तर २०२० ते २०२२ या काळात रेपो चार असताना खातेदारास सव्वा टक्काच मिळाला असता, आणि तो हळहळला असता. पण २०२३ व २०२४ ही दोन्ही वर्षे त्यास पावणेचार टक्के मिळाले असते. प्रत्यक्षात मिळाले २.७०. आणि डिसेंबर २०२५ मधील सव्वापाच टक्के रेपोस ते सूत्र लावून पाहिले तर येतात बरोबर अडीच टक्के. म्हणजे उतरत्या काळात बँकेने तेच गणित न सांगता अमलात आणले, चढत्या काळात मात्र ते विसरले गेले. पडत्या काळी आधार दिला म्हणून चढत्या काळी वाटा घेतला, असे म्हणण्याचा अधिकार बँकेस आहे. पण मग पुन्हा पडता काळ येताच दर का कापावा? दोन्ही बाजूंनी हिशेब एकाच पक्षाच्या सोयीने होतो, हा आमचा आक्षेप आहे.

मार्ग आमच्या मते एवढाच की खातेदारास निवड द्यावी. ज्याला स्थिर दर हवा त्याला स्थिर, ज्याला रेपोच्या मागे जाणारा हवा त्याला तसा, आणि दोन्हींची सूत्रे कर्जाप्रमाणेच लिहून दिलेली असावीत. यात बँकेचे नुकसान आहे असेही नाही. कर्जे रेपोबरोबर उतरत असतील आणि बचत खात्यांचा काही भागही त्याबरोबर उतरत असेल, तर वर दाखविलेले अठ्ठावीस लाखांचे खिंडार पडतच नाही. नक्त व्याजलाभ अधिक स्थिर राहतो. बँकेस गमवावा लागेल तो फक्त चढत्या दराच्या काळातील आयता लाभ. २०१९ साली कर्जदारासाठी सक्ती करणाऱ्या रिझर्व्ह बँकेस ठेवीदारासाठी तेवढे करणे अवघड का वाटावे, हे आम्हांस उमगलेले नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. हे सर्व वाचून ज्या बँकेचा व्याजदर अधिक तेथे धावत सुटावे असा अर्थ कोणी घेऊ नये. नक्त व्याजलाभाच्या आकड्यात बुडीत कर्जाची तरतूद येत नाही. शिवाय बँकेच्या पुस्तकात जमा धरलेले व्याज प्रत्यक्ष हातात आलेले असतेच असे नाही. हप्ता नव्वद दिवस थकेपर्यंत ते मिळकत म्हणून दाखविता येते, आणि थकलेले खाते चालू असल्याचे भासविले तर त्यानंतरही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत हेच झाले. तिच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती, तरी पत्रकात नफा दिसत होता. २०१९ सालच्या सप्टेंबरात निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांस प्रारंभी सहा महिन्यांसाठी एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. तेव्हा एखादी बँक इतरांहून ठळकपणे अधिक व्याज देऊ लागली की तिची कर्जे कोणाकडे आहेत आणि थकबाकीचे प्रमाण किती, हे आधी पाहावे. फेब्रुवारी २०२० पासून ठेवविमा एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह पाच लाखांपर्यंतच आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

चांगल्या बँकेतच राहून करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे. दोनतीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बचत खात्यात ठेवावी. त्याहून अधिक साठलेली आपोआप मुदत ठेवीत जावी आणि गरज पडताच परत यावी, अशी सोय बहुतेक मोठ्या बँकांत आहे. तिला ‘स्वीप’ म्हणतात. बँका तिची जाहिरात क्वचितच करतात; का, ते वरील गणितावरून कळून येईल. तीन लाख रुपये वर्षभर अडीच टक्क्यांच्या खात्यात पडून राहिले तर साडेसात हजार मिळतात. त्यांतील दोन लाख सहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत राहिले तर साडेचौदा हजार. कर वजा जाईल, मुदतीपूर्वी मोडल्यास थोडा भुर्दंड पडेल, तरी फरक उरतो. शाखेत जाऊन अर्ज मागावा लागतो, एवढेच. आणि पुढच्या तिमाहीस बँकेचे आकडे वृत्तपत्रांत येतील तेव्हा नफ्याच्या आकड्याखालील ती छोटीशी टक्केवारीही पाहावी. ती वाढली असेल आणि आपल्या खात्याचा दर तोच असेल, तर शाखा व्यवस्थापकास त्याचे कारण विचारण्यास हरकत नाही.